गेम कोसळल्यावर दिसणारा एक्सेप्शन कोड: दोष गेमचा की मशीनचा, हे ठरवण्याची पद्धत

गेम बंद पडून `0xc0000005` असा कोड समोर आला की बहुतेक जण तो कोड जसाच्या तसा शोधतात, पहिला सापडलेला उपाय करतात, तो लागू पडला नाही की दुसरा करतात आणि शेवटी विंडोज नव्याने टाकतात. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या मशिनांपैकी कितीतरी या वाटेने आलेली असतात. या पद्धतीतली चूक अशी की एकटा कोड दोषाचे ठिकाण सांगत नाही. घात कोणत्या प्रकारचा होता, एवढेच तो सांगतो. दोष कुठे आहे हे कळण्यासाठी कोडबरोबर आणखी दोन गोष्टी वाचाव्या लागतात आणि त्याही एकदा नव्हे, निदान तीन वेळच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून.

ही पद्धत विंडोजवरील गेमसाठी आहे. कोणताही संदेश न येता मशीन एकदम बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल, तर हा लेख त्या दुखण्याचा नाही. तिथे आधी वीजपुरवठा, पॉवर सप्लाय आणि तापमान पाहावे. आपल्याकडे पावसाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज खाली-वर होते तेव्हा असे प्रकार वाढतात आणि त्यांची नोंद System या लॉगमध्ये Kernel-Power 41 अशी मिळते.

## टप्पा १: काहीही बदलण्याआधी नोंदी गोळा करणे

ड्रायव्हर बदलणे, गेम पुन्हा टाकणे, रॅम काढून बसवणे यांपैकी काहीही करण्याआधी आहे त्या स्थितीतल्या नोंदी लिहून घ्याव्यात. एकदा मशीनमध्ये बदल झाला की आधीच्या आणि नंतरच्या नोंदींची तुलना बिनकामाची होते.

गेम कोसळताना आलेला डायलॉग बंद करून टाकला असला तरी हरकत नाही. Event Viewer उघडून Windows Logs आणि त्याखालील Application येथे जावे. Source या रकान्यात Application Error आणि Event ID या रकान्यात 1000 असलेल्या ओळी गेम कोसळल्याच्या असतात. सगळ्या एकदम पाहायच्या असतील तर पॉवरशेलमध्ये पुढील आज्ञा द्यावी.

```
Get-WinEvent -FilterHashtable @{LogName='Application'; ProviderName='Application Error'; Id=1000} -MaxEvents 10 | Format-List TimeCreated, Message
```

प्रत्येक नोंदीतून Exception code, Faulting module name आणि Fault offset या तीन गोष्टी कागदावर उतरवाव्यात. मॉड्यूल म्हणजे ज्या फाइलमधला कोड चालू असताना घात झाला ती फाइल आणि ऑफसेट म्हणजे त्या फाइलमधली नेमकी जागा. विंडोज दर वेळी फाइल मेमरीत वेगळ्या जागी बसवू शकते. ऑफसेट मात्र फाइलच्या सुरुवातीपासून मोजलेला असतो, त्यामुळे गेमची आवृत्ती तीच असेल तर वेगवेगळ्या दिवशीच्या नोंदींची तुलना त्यावरून बिनधास्त करता येते.

पडताळणी: निदान तीन नोंदी हाताशी आहेत का? नसतील तर आणखी दोनदा गेम चालवून तो कोसळू द्यावा. एका नोंदीवरून काढलेला निष्कर्ष हा अंदाजच असतो.

## टप्पा २: 0xc0000005 नीट वाचणे

हा ॲक्सेस व्हायोलेशनचा कोड आहे. प्रोग्रॅमने मेमरीतल्या अशा पत्त्यावर वाचण्याचा, लिहिण्याचा किंवा तिथला कोड चालवण्याचा प्रयत्न केला, जिथे त्याला तशी परवानगी नव्हती, असा त्याचा अर्थ आहे. पत्ता चुकीचा होता, हे यातून नक्की कळते. तो चुकीचा का झाला, हे मात्र कोडमध्ये नसते. ते बऱ्याचदा पत्त्यातच दिसते.

इव्हेंटच्या नोंदीत हा पत्ता येत नाही, तो डायलॉगमध्ये येतो. म्हणून डायलॉगचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. विंडोजच्या जुन्या धाटणीच्या डायलॉगमध्ये `referenced memory at` या शब्दांपुढे तो असतो. अनरिअल इंजिनवर चालणाऱ्या गेमच्या डायलॉगमध्ये पुढीलसारखी ओळ असते.

```
EXCEPTION_ACCESS_VIOLATION reading address 0x0000000000000018
```

इथला पत्ता जवळजवळ शून्य आहे. विंडोज प्रत्येक प्रोग्रॅमच्या मेमरीतला सुरुवातीचा ६४ केबीचा भाग मुद्दाम रिकामा ठेवते, जेणेकरून असा प्रयत्न लगेच पकडला जावा. गेमने एखादी वस्तू अस्तित्वात आहे असे धरून तिच्या आतला, सुरुवातीपासून २४ बाइट पुढचा भाग मागितला आणि ती वस्तू मुळात तयारच झालेली नव्हती, अशी ही कथा असते. षोडशमान पद्धतीतील `18` म्हणजे आपले २४. असे पत्ते सहसा गेमच्या कोडमधल्या चुकीचे, अर्धवट उतरलेल्या फाइलचे किंवा आवृत्तीशी न जुळणाऱ्या मॉडचे लक्षण असतात. खराब रॅममुळे दर वेळी नेमका हाच लहान पत्ता येणे फारसे संभवत नाही.

पत्ता `0xffffffffffffffff` असा दिसला तर तो शब्दशः घेऊ नये. ६४ बिट प्रोसेसरवर पत्त्याची रचनाच बेकायदा असेल, तर खरा पत्ता विंडोजच्या हाती लागत नाही आणि त्याच्या जागी हा आकडा दाखवला जातो. पॉइंटरमध्ये, म्हणजे जिथे पत्ता साठवलेला असतो त्या जागेत, कचरा शिरला होता, एवढाच अर्थ त्यातून घ्यावा. तो गेमच्या चुकीने शिरला की रॅमने बिट उलटवल्यामुळे, हे टप्पा ४ मध्ये ठरते.

इशारा: `memory could not be read` हे वाक्य वाचून रॅम खराब झाली असे समजून नवीन रॅम विकत घेणारे मी पाहिले आहेत. इथला ‘मेमरी’ हा शब्द पत्त्यांच्या व्यवस्थेबद्दल आहे, मदरबोर्डवर बसवलेल्या पट्टीबद्दल नाही.

## टप्पा ३: इतर कोड आणि त्यांचा रोख

`0xc000001d` म्हणजे प्रोसेसरला न समजणारी आज्ञा. एखादा गेम सुरू होतानाच दर वेळी या कोडवर मरत असेल आणि प्रोसेसर जुना असेल, तर गेमला लागणारा एव्हीएक्स किंवा एव्हीएक्स २ हा आज्ञासंच त्या प्रोसेसरमध्ये आहे का, ते प्रथम तपासावे. इंटेलच्या कोअर मालिकेत एव्हीएक्स २०११ मध्ये आणि एव्हीएक्स २ हा २०१३ मध्ये आला. त्या काळातल्या स्वस्त पेंटियम आणि सेलेरॉन प्रोसेसरमध्ये मात्र हे आज्ञासंच नव्हते. असे असेल तर कोणतीही सेटिंग कामाला येत नाही. महिनोन्‌महिने नीट चालणारा गेम अधूनमधून या कोडवर पडू लागला, तर मात्र संशय हार्डवेअरकडे जातो, कारण गेमच्या फाइलमध्ये योग्य असलेली आज्ञा प्रोसेसरपर्यंत पोहोचताना बिघडलेली असू शकते.

`0xc0000374` म्हणजे हीपची मोडतोड, अर्थात प्रोग्रॅम ज्या मेमरीतून गरजेप्रमाणे जागा घेतो तिच्या हिशेबात गडबड. यात मॉड्यूल म्हणून ntdll.dll दिसते आणि लोक ती फाइल कुठल्याशा संकेतस्थळावरून उतरवून बदलू पाहतात. असे कधीही करू नये. ntdll.dll ने फक्त गडबड पकडली आहे. गडबड करणारा केव्हाच पुढे निघून गेलेला असतो.

`0xe06d7363` या कोडसोबत KERNELBASE.dll चे नाव येते आणि तीही फाइल अशीच निर्दोष असते. कोडमधले शेवटचे तीन बाइट `6d 73 63` हे अक्षरांत लिहिले तर `msc` असे वाचले जातात. मायक्रोसॉफ्टच्या सी++ कंपायलरने ठेवलेली ही खूण आहे. गेमने स्वतःच ‘मला हे जमले नाही’ असे जाहीर केले आणि ती तक्रार गेममध्ये कोणी ऐकून घेतली नाही, असा त्याचा अर्थ. अशा वेळी सेव्ह फाइल उघडता न येणे, डिस्कवर जागा नसणे, फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी नसणे अशी साधी कारणे आधी पाहावीत.

`0xc0000409` चे अधिकृत नाव स्टॅक बफर ओव्हररन असे असले तरी विंडोज ८ पासून हाच कोड प्रोग्रॅमने स्वतःहून तातडीने थांबण्यासाठीही वापरला जातो. मॉड्यूल ucrtbase.dll असेल तर बहुधा गेमनेच गाशा गुंडाळलेला असतो. गेमच्या स्वतःच्या लॉगमधल्या शेवटच्या दोन-चार ओळी इथे कोडपेक्षा अधिक बोलतात.

`0xc0000006` हा कमी दिसतो, पण दिसला तर दुर्लक्ष करू नये. मेमरीत आणायचे पान डिस्कवरून वाचताच आले नाही, असे तो सांगतो. System लॉगमध्ये त्याच वेळेला disk या स्रोताच्या 7, 51 किंवा 153 क्रमांकाच्या नोंदी आहेत का, ते पाहावे आणि असल्या तर इतर सगळे सोडून आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी.

## टप्पा ४: तीन नोंदी शेजारी ठेवून निवाडा करणे

या पद्धतीचा कणा इथे आहे. गेमच्या कोडमधली चूक एका ठिकाणी बसलेली असते, म्हणून ती पुन्हा पुन्हा त्याच दाराने बाहेर येते. कोड तोच, मॉड्यूल तेच, ऑफसेट तोच आणि बहुतेक वेळा गेममधला प्रसंगही तोच असतो. खराब रॅमचे तसे नसते. उलटलेला एक बिट आज एखाद्या पॉइंटरमध्ये सापडतो आणि `0xc0000005` दिसतो. उद्या तो कोडच्या आज्ञेत सापडतो आणि `0xc000001d` दिसतो. परवा हीपच्या हिशेबात सापडला की `0xc0000374`. कारण एकच, पण कोड तीन आणि मॉड्यूलही तीन.

म्हणून तिन्ही नोंदींत मॉड्यूल आणि ऑफसेट जुळत असतील तर टप्पा ५ कडे जावे. कोड आणि मॉड्यूल विखुरलेले असतील, दोन वेगवेगळे गेम पडत असतील किंवा गेम बंद असताना ब्राउझरचे टॅबही कोसळत असतील, तर टप्पा ६ कडे जावे.

एक मधली अवस्थाही असते. मॉड्यूल दर वेळी ग्राफिक्स ड्रायव्हरचे, उदाहरणार्थ एनव्हिडियाचे nvwgf2umx.dll, पण ऑफसेट वेगवेगळे. यावरून ड्रायव्हरला लगेच दोषी धरू नये, कारण गेमने त्याच्या हाती चुकीचा पत्ता दिला तरी कोसळताना नाव ड्रायव्हरचेच येते. तरीही सुरुवात टप्पा ५ पासून करावी, कारण तिथले उपाय पैशाविना होतात.

पडताळणी: System लॉगमध्ये WHEA-Logger या नावाने काही आहे का, ते निवाड्याआधी पाहावे. या नोंदी हार्डवेअरकडून कळवलेल्या चुकांच्या असतात आणि त्या गेमच्या वेळेशी जुळत असतील तर थेट टप्पा ६ गाठावा. त्या नसणे हा मात्र हार्डवेअर निर्दोष असल्याचा पुरावा नाही. घरगुती मशीनमधल्या साध्या रॅमला ईसीसी, म्हणजे उलटलेला बिट पकडण्याची सोय, नसते आणि तिने उलटवलेला बिट कोणाच्याही नजरेस न पडता पुढे जातो.

## टप्पा ५: संशय सॉफ्टवेअरवर असेल तर

इथे क्रम पाळणे महत्त्वाचे आहे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्रथम सर्व मॉड काढावेत. निष्क्रिय करून भागत नाही, फाइली फोल्डरबाहेर न्याव्यात. त्यानंतर गेमच्या फाइलींची पडताळणी करावी. स्टीमवर ती Verify integrity of game files या नावाने मिळते. मॉड आधी काढायचे कारण असे की पडताळणी मूळ फाइली दुरुस्त करते, पण बाहेरून आलेली जास्तीची फाइल ती तशीच पडू देते.

त्यानंतर गेमच्या आत शिरणारे प्रोग्रॅम बंद करावेत. पडद्यावर फ्रेमची संख्या दाखवणारे साधन, रेकॉर्डिंगचे साधन, गप्पांच्या ॲपचे ओव्हरले ही सगळी मंडळी गेमच्याच प्रक्रियेत आपले मॉड्यूल घुसवतात. नोंदीत RTSSHooks64.dll किंवा GameOverlayRenderer64.dll असे नाव दिसले, तर पाहुणा कोण हे कळते. ड्रायव्हरची पाळी यानंतर यावी. ‘सर्वांत नवा’ हा नेहमी योग्य ड्रायव्हर नसतो. घात एखाद्या अद्ययावतानंतरच सुरू झाला असेल तर आधीच्या आवृत्तीकडे परतावे.

एवढे करूनही त्याच ऑफसेटला गेम पडत असेल, तर दुरुस्ती आपल्या हातात नाही. तिन्ही नोंदी आणि डायलॉगचा फोटो गेम बनवणाऱ्यांकडे पाठवून पुढच्या पॅचची वाट पाहावी.

## टप्पा ६: संशय हार्डवेअरवर असेल तर

गेल्या गणपतीत देवगडहून एक मशीन आले, त्याची हकिगत इथे पूर्ण देतो. मालक मुंबईला नोकरीला, घर आणि मशीन पावसाळाभर बंद. चतुर्थीला घर उघडले, पुतण्याने गेम लावला आणि तो दर अर्ध्या-पाऊण तासाने पडू लागला. माझ्याकडे येण्याआधी विंडोज एकदा नव्याने टाकून झाले होते. नोंदी अशा होत्या: पहिली `0xc0000005`, मॉड्यूल गेमची स्वतःची exe. दुसरी `0xc0000374`, मॉड्यूल ntdll.dll. तिसरी पुन्हा `0xc0000005`, पण ग्राफिक्स ड्रायव्हरच्या फाइलमध्ये. WHEA-Logger ची एकही नोंद नव्हती. नवे विंडोज, तीन ठिकाणचे घात आणि जोडीला ब्राउझरही पडत होता, एवढे टप्पा ६ साठी पुरेसे होते.

पहिली पायरी: बायोसमध्ये जाऊन ओव्हरक्लॉक आणि रॅमचे एक्सएमपी किंवा एक्सपो प्रोफाइल बंद करावे. या प्रोफाइलमुळे रॅम तिच्या मूळ ठरावीक वेगापेक्षा वर चालते आणि पाकिटावर तोच वेग छापलेला असला तरी प्रत्येक मदरबोर्डला तो झेपतोच असे नाही. प्रोफाइल बंद केल्यावर घात थांबले, तर काही विकत घेण्याची गरज नाही. या मशीनमध्ये प्रोफाइल बंद केल्यावर घात कमी झाले, थांबले नाहीत.

दुसरी पायरी: MemTest86+ पेन ड्राइव्हवर टाकून मशीन त्यावरून सुरू करावे आणि रात्रभर, निदान चार फेऱ्या पूर्ण होईपर्यंत चालू द्यावे. इथे ‘फक्त दोन चुका’ असा प्रकार नसतो. एकही चूक म्हणजे नापास. चूक आली की अपेक्षित आणि मिळालेली किंमत शेजारी शेजारी दिसते, ती लिहून घ्यावी. या मशीनवर जिथे `ffffffff` हवे होते तिथे `fffffbff` येत होते. `f` च्या जागी `b` म्हणजे नेमका एक बिट शून्य झालेला. पत्ते दर वेळी वेगळे, पण बिट तोच. रॅमच्या चिपमधली एखादी पेशी मेली असती तर तोच पत्ता पुन्हा पुन्हा आला असता. पत्ते विखुरलेले आणि बिट मात्र ठरलेला, यावरून एखादी डेटाची वाट, म्हणजे पट्टीची एखादी पिन किंवा स्लॉटमधला तिचा स्पर्श, अधांतरी असल्याचा संशय येतो.

तिसरी पायरी: पट्टी आणि स्लॉट यांना वेगळे करून तपासावे. इथे लोक हमखास चुकतात. ते एक पट्टी काढतात, मशीन नीट चालते आणि काढलेली पट्टी खराब ठरवून टाकून देतात. पट्टीबरोबर तिचा स्लॉटही रिकामा झाला, हे लक्षात येत नाही. या मशीनमध्ये ८ जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. पहिली पट्टी पहिल्या स्लॉटमध्ये एकटी पास. दुसरी पट्टी त्याच स्लॉटमध्ये एकटी पास. मग पहिली, म्हणजे निर्दोष ठरलेली पट्टी, दुसऱ्या स्लॉटमध्ये एकटी लावली आणि दहा मिनिटांत तीच `fffffbff` ची ओळ आली. दोन्ही पट्ट्या चांगल्या होत्या.

इशारा: पट्टी काढण्याआधी मशीन बंद करून वायर भिंतीतून काढावी, पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवावे आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवावी.

टॉर्चच्या उजेडात त्या स्लॉटच्या एका टोकाला पांढुरकी बुरशीसारखी पूड दिसली. समुद्राजवळच्या बंद घरात खारी दमट हवा आणि धूळ मिळून असा थर धरतो. पट्टीच्या सोनेरी कडा ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसल्या. स्लॉट मऊ ब्रशने आणि त्याच अल्कोहोलने साफ केला. खोडरबर वापरण्याची आपल्याकडे सवय आहे, पण त्याने सोन्याचा पातळ मुलामा घासला जातो आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये जातो, म्हणून ते टाळावे. अर्धा तास सुकू दिल्यावर दोन्ही पट्ट्या खटका वाजेपर्यंत दाबून बसवल्या.

चौथी पायरी: रॅम निर्दोष निघाली आणि तरीही नोंदी विखुरलेल्याच असतील, तर प्रोसेसरकडे वळावे. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या अधिक ताकदीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येण्याचा दोष २०२४ मध्ये कंपनीने मान्य केला आणि त्यासाठी ऑगस्टमध्ये `0x129` व सप्टेंबरमध्ये `0x12B` हे मायक्रोकोड दिले. ते मदरबोर्डच्या बायोस अद्ययावतासोबत येतात. शेडर तयार होत असतानाच गेम पडणे, किंवा ग्राफिक्स कार्डात भरपूर मेमरी असतानाही `Out of video memory` असा संदेश येणे, ही त्याची ओळखीची लक्षणे. नवा बायोस पुढची झीज रोखतो, झालेली झीज भरून काढत नाही. म्हणून अद्ययावतानंतरही घात चालू राहिले तर प्रोसेसर वॉरंटीत बदलून घ्यावा. कंपनीने या प्रोसेसरांची मुदत दोन वर्षांनी वाढवलेली आहे.

पडताळणी: बायोस अद्ययावत करताना वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. यूपीएस असल्याशिवाय हे काम करू नये आणि असला तरी त्याची बॅटरी खरोखर टिकते का, ते आधी वायर काढून पाहावे.

देवगडच्या मशीनला चौथी पायरी लागली नाही. साफसफाईनंतर चार फेऱ्यांत एकही चूक आली नाही, एक्सएमपी पुन्हा चालू करून घेतलेल्या आणखी चार फेऱ्याही कोऱ्या गेल्या. मशीन परत नेताना मालकाने विचारले की पुढच्या पावसाळ्यात काय करायचे. कॅबिनेट कपड्याने झाकून ठेवण्यापेक्षा, घराची किल्ली ज्यांच्याकडे असते त्या शेजाऱ्यांनी आठवड्यातून एकदा तासभर ते चालू ठेवावे, असे मी सांगितले. आतल्या उष्णतेने दमटपणा बसत नाही.